टायरच्या हवेचा पिवळा दिवा: आधी हवा, मग रीसेट

डॅशबोर्डवर इंग्रजी यू अक्षरासारखी पिवळी खूण, खाली दातेरी कडा आणि मधोमध उद्गारचिन्ह. हा टायरमधली हवा कमी झाल्याचा दिवा, म्हणजे टीपीएमएसचा, टायरच्या हवेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा. नवी गाडी घेतलेले बहुतेक जण तो पहिल्यांदा लागला की एकच गोष्ट शोधतात: हा बंद कसा करायचा? मेनूत कुठेतरी रीसेट सापडतं, ते दाबतात, दिवा विझतो आणि विषय संपतो. खरा घोटाळा तिथेच होतो. रीसेट म्हणजे दिवा विझवायचं बटण नाही. बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ असा असतो, की ‘आत्ता चारही चाकांत जेवढी हवा आहे तेवढीच बरोबर, इथून पुढे हीच धरून चाल.’ चाकात खिळा असताना तुम्ही गाडीला हे सांगितलंत, तर ती मुकाट्याने ऐकते.

म्हणून क्रम कधीच बदलायचा नाही. आधी हवा मोजायची, मग ती का कमी झाली ते ओळखायचं, मग बरोबर भरायची. रीसेट सगळ्यात शेवटी, आणि तेही लागत असेल तरच.

दिवा कसा लागलाय ते आधी बघा

गाडी सुरू केल्यावर दिवा लागून तसाच राहिला, तर हवा कमी आहे. पण तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर सहसा हवेचा प्रश्न नसतो, यंत्रणेतच बिघाड असतो. एखाद्या चाकाचा सेन्सर बोलत नाही, किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी लावलेली आहे. हा प्रकार शेवटी पाहू, कारण त्यात हवा भरून काही होत नाही. तरी हवा एकदा मोजून घ्याच. बिघडलेली यंत्रणा खरी कमी झालेली हवाही दाखवणार नाही.

चावी फिरवल्यावर इतर दिव्यांबरोबर हा दिवा क्षणभर लागून विझतो, तो फक्त बल्ब तपासण्यापुरता. त्याची काळजी नको.

तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे?

दोन पद्धती आहेत. त्यातली आपली कोणती हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट समजत नाही.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाला एक छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजतो आणि रेडिओवरून गाडीला कळवतो. स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे दिसत असतील, तर तुमच्याकडे ही पद्धत आहे. गाडी उभी असताना बॅटरी वाचवण्यासाठी सेन्सर झोपतात आणि चाक फिरायला लागलं की जागे होतात. त्यामुळे सुरू करताच दिसणारा आकडा कधी कधी कालचा असतो, किंवा नुसत्या रेघा दिसतात. दोन-चार मिनिटं चालवल्यावरचा आकडा खरा.

दुसऱ्या पद्धतीत चाकात काहीच नसतं. एबीएससाठी चाकांचा वेग मोजणारे जे सेन्सर असतात, त्यांच्याकडूनच अंदाज बांधला जातो. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, त्याचा घेर अंमळ कमी भरतो आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं. गाडी हा फरक पकडते. इथे आकडे दिसत नाहीत, फक्त दिवा आणि फार तर एखादा संदेश. मेनूत मात्र `SET` किंवा `TPMS Calibration` असं काहीतरी असतं. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत आणि होंडाच्या काही गाड्यांत ही पद्धत आहे.

या दुसऱ्या पद्धतीची एक मर्यादा लक्षात ठेवा. ती मुख्यतः तुलनेवर चालते. थंडीने चारही टायर सारखेच उतरले, तर तिला ते उशिरा कळतं किंवा कळतही नाही. म्हणजे दिवा लागला नाही म्हणून हवा बरोबर आहे असं समजू नका.

हवा मोजायची ती गार टायरची

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. पुढच्या आणि मागच्या टायरला किती हवा, किती माणसं बसल्यावर किती, हे तिथे लिहिलेलं असतं. तोच आपला आकडा. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा आकडा नाही. काही गाड्या पीएसआयऐवजी बार किंवा किलोपास्कल दाखवतात. ३३ पीएसआय म्हणजे साधारण २.३ बार, म्हणजेच २३० किलोपास्कल.

स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो. गार म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर हळू चालली आहे. हायवेवरून आलेला टायर आतून तापलेला असतो आणि त्यात तीन-चार पीएसआय जास्त दिसतात. पंपावरच्या पोऱ्याला याच्याशी देणंघेणं नसतं. तो मशीनवर ३३ लावतो, टायर तापलेला असला तरी ‘टूं’ वाजेपर्यंत हवा सोडतो आणि ‘झालं साहेब’ म्हणतो. संध्याकाळी सगळं ठीक दिसतं, पहाटे दिवा लागतो.

निफाडचा दिवा

माझा मावसभाऊ डिसेंबरात ठाण्याहून निफाडला लग्नाला गेला होता. ज्यांना निफाडची थंडी माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुपारी रस्त्यात पंपावर थांबून त्याने चारही टायरांत स्टिकरप्रमाणे ३३ करून घेतले होते, तेही तास-दीड तास गाडी पळवल्यानंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याचा फोन.

“दादा, टायरचा दिवा लागलाय. रीसेट कुठं असतं रे?”

“रीसेट राहू दे. आधी चारही आकडे सांग.”

“पुढे अठ्ठावीस, सत्तावीस. मागे उजवीकडे अठ्ठावीस. डावीकडे चोवीस.”

या चार आकड्यांतच सगळं निदान आहे.

आधी थंडीचा हिशेब करू. बंद टायरमधल्या हवेचा दाब तिच्या तापमानाबरोबर वरखाली होतो. ढोबळ मानाने दर १० अंश सेल्सिअसला दीड पीएसआयच्या आसपास. पंपावर त्याच्या टायरमधली हवा ४५ अंशांच्या घरात असावी. पहाटे निफाडला ती ८ अंशांवर आली. सदतीस अंशांची घसरण, म्हणजे साडेपाच पीएसआय. ३३ मधून ते वजा केले की साडेसत्तावीस उरतात. म्हणजे तीन चाकांचे आकडे निव्वळ थंडीचे आणि गरम टायरमध्ये हवा भरल्याचे. तिथे गळती काही नाही.

डाव्या मागच्या चाकाला मात्र हा हिशेब लागू पडत नव्हता. रात्र तेवढीच, थंडी तीच, मग चार पीएसआय कुठे गेले? चारही आकडे सारखे उतरले तर थंडी, एकटाच उतरला तर गळती. मी त्याला म्हटलं, रीसेट विसर, टायरवर हात फिरव. आतल्या बाजूला, खाचेत एका स्क्रूचं डोकं चमकत होतं.

स्क्रू त्याने उपटला नाही, हे बरं केलं. रुतलेला स्क्रू भोक बऱ्यापैकी बुजवून ठेवतो. काढला की उरलेली हवा तिथेच फुस्स. त्याच्या डिकीत बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर होता. त्याने चारही चाकं गार असतानाच ३३ केली आणि पंक्चरवाल्याकडे सावकाश गेला. रात्रभरात चार पीएसआय जाण्याएवढी गळती असेल, तर हे चालतं. डोळ्यांदेखत आकडा पडत असेल, किंवा तो वीसच्या खाली गेला असेल, तर गाडी हलवू नका. स्टेपनी लावा. कमी हवेवर चालवलेल्या टायरच्या भिंती आतून चिरडतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

निफाडच्या ८ अंशांत भरलेले ३३ दुपारी उन्हात, हायवेवर ३८-३९ दिसतात. ते बघून घाबरून हवा सोडायची नाही. ठाण्याला परतल्यावर मात्र एका सकाळी गार टायर पुन्हा मोजायचे. २५ अंशांच्या सकाळी तेच टायर ३५ च्या आसपास दाखवतील. मग दोन पीएसआय काढले की झालं.

थंडीचा दिवा दुपारी आपोआप विझतो, म्हणून लोक तो सोडून देतात. टायर तापला, दाब वाढला, दिवा गेला, एवढंच. हवा कमी होती ती होतीच.

अमेरिकेत किंवा कॅनडात नव्याने गेलेल्या मंडळींना हाच खेळ मोठ्या आकड्यांत बघायला मिळतो. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासूनच्या सगळ्या नव्या मोटारींना टीपीएमएस सक्तीचं आहे आणि स्टिकरच्या आकड्यापेक्षा दाब २५ टक्क्यांनी खाली गेला की दिवा लागलाच पाहिजे, असा नियम आहे. ३५ पीएसआयची गाडी असेल तर २६ च्या आसपास. तिथे गॅरेजमध्ये १५ अंशांना ३५ भरून गाडी उणे १० अंशांत बाहेर काढली, तर आकडा ३१ च्या खाली येतो. आधीच पाच-सहा पीएसआय कमी असतील, तर पहिल्या गारठ्यात दिवा लागणारच. म्हणून उबदार गॅरेजमध्ये भरताना तीन-चार पीएसआय जास्त भरतात.

पंक्चरवाल्याला आधी सांगायचं

पंक्चर मधल्या नक्षीच्या भागात असेल तर ट्यूबलेसला दोरी मारून काम होतं. त्यासाठी चाक उघडावं लागत नाही, सेन्सरलाही धक्का लागत नाही. आतून बसवायचा मशरूम पॅच जास्त टिकाऊ, पण त्यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागतो. धोका तेव्हाच असतो. चाक मशीनवर चढवण्याआधी स्पष्ट सांगा: “व्हॉल्व्हच्या आत सेन्सर आहे. टायर दाबताना व्हॉल्व्हपासून लांब दाबा.” टायरची कड रिमवरून सोडवणारा दांडा नेमका व्हॉल्व्हजवळ बसला, तर सेन्सरचा तुकडाच हातात येतो. व्हॉल्व्ह धातूचा असेल आणि त्याच्या बुडाशी नट दिसत असेल, तर आत सेन्सर असण्याची शक्यता मोठी. मात्र रबरी व्हॉल्व्हच्या आतही सेन्सर असू शकतो, म्हणून विचारत बसण्यापेक्षा सांगून मोकळं व्हावं.

कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. सेन्सरचा व्हॉल्व्ह बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. त्यात साधी पितळी पिन बसवली किंवा वर पितळी टोपण लावलं, तर खाऱ्या, ओल्या हवेत दोन धातू एकमेकांना खातात. वर्षभराने टोपण फिरत नाही, जोर लावला की व्हॉल्व्हच मोडतो. पिन निकेलचा मुलामा असलेली, टोपण प्लास्टिकचं. दोन्ही किरकोळ किमतीत मिळतात.

२०२० च्या नियमदुरुस्तीनंतर टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या मोटारींना स्टेपनी देणं बंधनकारक राहिलं नाही. त्यामुळे काही गाड्यांत डिकीत चाकाऐवजी सीलंटची बाटली असते. ते द्रव्य सेन्सरच्या बारीक छिद्रात जाऊन बसू शकतं. अडल्या वेळी वापरा, पण नंतर टायर उतरवून आतलं सगळं पुसून घ्या आणि सेन्सरही साफ करायला सांगा.

पंक्चर काढल्यावर त्या जागी आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे नसतील तर हवा स्टिकरप्रमाणे करून घ्या. टायर तापलेला असेल तर तीन पीएसआय जास्त भरा आणि दुसऱ्या सकाळी नक्की करा.

आता रीसेट

चाकात सेन्सर असलेल्या बहुतेक गाड्यांना रीसेट लागतच नाही. हवा बरोबर झाली की काही मिनिटं चालवल्यावर दिवा स्वतःहून जातो. मावसभावाचा दिवा पंक्चरवाल्याकडून निघून गावाची वेस ओलांडेपर्यंत गेला होता. वीस-पंचवीस मिनिटं चालवूनही राहिला, तर स्क्रीनवरचा आकडा आणि गेजचा आकडा ताडून बघा. पंपावरची गेजं दोन-दोन पीएसआयने चुकतात. एक बरं गेज गाडीत ठेवा आणि नेहमी तेच वापरा.

अंदाजाने चालणाऱ्या पद्धतीत मात्र हवा भरल्यावर रीसेट करावंच लागतं. टायर गार, चारही स्टिकरप्रमाणे भरलेले, गाडी उभी, इग्निशन चालू. मग मेनूतून वाहनाच्या सेटिंगमध्ये टायरच्या पानावर जायचं आणि `SET` दाबून खात्री द्यायची. काही टोयोटा गाड्यांत यासाठी वेगळं बटण असतं. ते दाबून धरायचं आणि दिवा सावकाश तीनदा लुकलुकला की सोडायचं. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत मिळते, आणि मॉडेलच्या वर्षागणिक ती बदलते.

बटण दाबलं म्हणजे काम झालं असं नाही. नवा पाया शिकायला गाडीला प्रत्यक्ष चालावं लागतं, साधारण अर्धा तास आणि बऱ्यापैकी वेगाने. गल्लीतल्या ट्रॅफिकमध्ये ते पूर्ण होत नाही. तेवढ्या वेळात चाकाची हवा गेली, तर दिवा लागेलच यावर विसंबू नका.

चाकं आलटून पालटून लावल्यावर

साधारण आठ-दहा हजार किलोमीटरला टायर फिरवतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत सहसा पुढचे टायर सरळ मागे जातात आणि मागचे तिरके पुढे येतात. यानंतर दिव्याच्या दोन वेगळ्या भानगडी होतात.

अंदाजाच्या पद्धतीत हवा तंतोतंत असली तरी दिवा लागू शकतो. पुढचे टायर जास्त झिजलेले, मागचे कमी. घेर वेगळे, जागा बदलल्या आणि गाडीने लक्षात ठेवलेली जुनी तुलना चुकली. इथे रीसेट हाच इलाज आहे, अर्थात हवा मोजूनच.

सेन्सरच्या पद्धतीत दिवा लागत नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडीने ‘हा क्रमांक म्हणजे पुढचं डावं’ असं टिपून ठेवलेलं असतं. काही गाड्या जागा बदलल्याचं चालता चालता ओळखतात, काही ओळखत नाहीत. नाही ओळखलं तर स्क्रीन मागच्या चाकाचा आकडा पुढच्या जागी दाखवत राहते. पुढे कधी पंक्चर झालं की तुम्ही धडधाकट चाकाजवळ उकिडवे बसून खिळा शोधत बसता.

तपासणं सोपं आहे. टायर फिरवल्यावर पुढच्या डाव्या चाकातून मुद्दाम चार पीएसआय हवा सोडा, थोडं चालवा आणि स्क्रीनवर कोणता आकडा उतरला ते बघा. पुढचा डावाच उतरला तर त्या चाकाची नोंद बरोबर. दुसरा उतरला, तर सर्व्हिस सेंटरला सेन्सरच्या जागा पुन्हा शिकवायला सांगा. त्यांच्याकडे त्यासाठी हातात धरायचं यंत्र असतं. ते एकेका व्हॉल्व्हजवळ नेऊन सेन्सर जागा करतात. तपासून झाल्यावर सोडलेली हवा परत भरा, आणि स्टिकरवर पुढे-मागे वेगळा दाब असेल तर चारही चाकांची हवा नव्या जागेप्रमाणे बदला. ही गोष्ट गॅरेजवाले हमखास विसरतात.

व्हॉल्व्हवर टोपणासारखे फिरवून बसवायचे, बाजारातून घेतलेले सेन्सर असतील, तर हे सगळं नको. टोपणांवर जागा लिहिलेल्या असतात. टायर फिरले की टोपणं काढून पुन्हा आपापल्या जागी लावायची.

लुकलुकणारा दिवा

स्टेपनी लावलेली असेल तर कारण तेच. आपल्याकडे बहुतेक स्टेपनीत सेन्सर नसतो. मूळ चाक दुरुस्त होऊन परत बसलं, थोडं चाललं की लुकलुकणं थांबतं. कॅनडात हिवाळी टायरांचा दुसरा संच सेन्सरशिवाय लावणाऱ्यांचा दिवा असाच अख्खा हिवाळा लागलेला असतो. तिथे गेजने नियमित हवा मोजणं एवढंच हातात उरतं.

स्टेपनी नाही, तरी दिवा लुकलुकतोय आणि एका चाकाचा आकडा येतच नाही, तर टायर नुकताच उतरवला होता का ते आठवा. असेल तर सेन्सर फुटला असावा. नसेल आणि गाडी सहा-सात वर्षांची असेल, तर सेन्सरची बॅटरी संपत आली आहे. ती सेन्सरच्या आतच सीलबंद असते, सहसा पाच ते दहा वर्षं चालते आणि वेगळी बदलता येत नाही. अख्खा सेन्सर बदलावा लागतो आणि त्याचा नवा क्रमांक गाडीला शिकवावा लागतो. आधी कडक थंडीतच अधूनमधून आकडा गायब होतो, मग कायमचा. चारही सेन्सर एकाच वयाचे असल्याने एक गेला की बाकीचेही पाठोपाठ जातात. टायर बदलायची वेळ जवळ आली असेल तर तेव्हाच चारही बदलून घ्या. टायर एकदाच उतरतो, मजुरी एकदाच लागते.

सेन्सर चांगले असतील, तरी नवे टायर घालताना प्रत्येक व्हॉल्व्हचा रबरी वायसर, नट आणि पिन नवी टाकायला सांगा. जुना वायसर तसाच ठेवला की व्हॉल्व्हच्या बुडातून थोडी थोडी हवा जाते. दर आठ-दहा दिवसांनी एकाच चाकाचा दिवा लागतो आणि पंक्चरवाल्याला कितीही शोधून टायरमध्ये काही सापडत नाही.